तज्ज्ञाचे मत (फौजदारी पुरावा)

तज्ज्ञाचे मत म्हणजे एखाद्या शास्त्राचे, कलेचे किंवा व्यवसायाचे विशेष ज्ञान असलेल्या व्यक्तीने त्या ज्ञानाच्या आधारे न्यायालयासमोर मांडलेला निष्कर्ष. फौजदारी खटल्यात शवविच्छेदन करणारा डॉक्टर, रासायनिक विश्लेषक, हस्ताक्षरतज्ज्ञ, बोटांच्या ठशांचा तज्ज्ञ आणि डीएनए चाचणी करणारा वैज्ञानिक हे प्रामुख्याने तज्ज्ञ म्हणून पुढे येतात. साधारण नियम असा की, साक्षीदाराने आपण पाहिले किंवा ऐकले तेवढेच सांगावे, त्यावरून अनुमान काढण्याचे काम न्यायाधीशाचे. तज्ज्ञ हा या नियमाचा अपवाद आहे. मात्र त्याचे अनुमान न्यायालयावर बंधनकारक नसते. न्यायालय ते इतर पुराव्यांप्रमाणेच तोलून पाहते. हा लेख भारतीय न्यायालयांतील या तोलण्याच्या पद्धतीविषयी असून विषप्रयोगाच्या खटल्यांवर त्यात विशेष भर दिला आहे, कारण अहवालाची ताकद आणि मर्यादा दोन्ही तेथे सर्वांत स्पष्ट दिसतात.

## कायद्यातील स्थान

भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ४५ नुसार परदेशी कायदा, शास्त्र, कला, हस्ताक्षर आणि बोटांचे ठसे या विषयांवरील तज्ज्ञाचे मत सुसंगत मानले जात असे. १ जुलै २०२४ पासून त्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली. जुन्या कलम ४५ चा आशय आता कलम ३९ मध्ये असून विषयांच्या यादीत 'इतर कोणतेही क्षेत्र' अशी भर पडली आहे.

येथे 'सुसंगत' हा शब्द नीट समजून घ्यावा लागतो. एखादे मत सुसंगत आहे याचा अर्थ ते विचारात घेता येते एवढाच आहे. ते खरे मानावेच लागते असा नाही. म्हणूनच याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे (जुने कलम ५१, नवे कलम ४५). एखाद्या व्यक्तीचे मत सुसंगत असेल, तेव्हा त्या मतामागची कारणेही सुसंगत ठरतात. तज्ज्ञाने केलेले प्रयोग त्याला साक्षीत सांगता येतात. विद्यार्थी हे कलम बहुधा घाईने वाचून पुढे जातात; वस्तुतः तोलण्याचा सगळा व्यवहार त्याच्यावरच उभा आहे. हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध जयलाल (१९९९) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तज्ज्ञाने आपल्या निष्कर्षाची अचूकता पडताळून पाहता येईल अशी शास्त्रीय कसोटी न्यायालयाला पुरवायची असते. ती कसोटी सिद्ध झालेल्या वस्तुस्थितीला लावून स्वतःचे मत बनवण्याचे काम न्यायाधीशाचे. कारणे न देता केवळ निष्कर्ष सांगणारा तज्ज्ञ कितीही नामांकित असला, तरी न्यायाधीशाला त्याच्या मतातून फारसे काही घेता येत नाही.

## अहवाल आणि साक्ष

शवविच्छेदनाचा अहवाल अथवा जखमेचे प्रमाणपत्र हा स्वतः मूळ पुरावा नसतो. पुरावा असतो तो डॉक्टरने शपथेवर दिलेली साक्ष. तपासणीच्या वेळी लिहिलेला अहवाल पाहून डॉक्टर आपली स्मृती ताजी करू शकतो आणि त्याच्या साक्षीला दुजोरा देण्यासाठी किंवा ती खोडून काढण्यासाठीही त्या अहवालाचा वापर होतो. बचाव पक्षाने अहवालाचा खरेपणा मान्य केला, तर मात्र डॉक्टरला बोलावल्याशिवायही तो वाचता येतो.

सरकारी शास्त्रीय तज्ज्ञांच्या बाबतीत कायदा अधिक सैल आहे. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम २९३ मध्ये (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ चे कलम ३२९) काही अधिकाऱ्यांची यादी दिली आहे. सरकारचा रासायनिक विश्लेषक, अंगुलिमुद्रा केंद्राचा संचालक, न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचे संचालक, रक्तजलतज्ज्ञ हे त्यात येतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या संचालकाचाही १९७३ च्या यादीत नावानिशी उल्लेख आहे. या अधिकाऱ्यांचा सही असलेला अहवाल त्यांना साक्षीसाठी न बोलावता पुरावा म्हणून वापरता येतो. न्यायालयाला आवश्यक वाटल्यास ते त्यांना बोलावू शकते. शवविच्छेदन करणारा वैद्यकीय अधिकारी या यादीत नाही. त्यामुळे एकाच खटल्यात डॉक्टर पिंजऱ्यात उभा राहतो आणि उलटतपासणीला सामोरा जातो, तर विश्लेषकाचा एक पानी कागद निमूटपणे अभिलेखात दाखल होतो, असे चित्र नेहमी दिसते. त्या कागदामागची कारणे कोणी विचारली नाहीत, तर ती अभिलेखावर येतच नाहीत. बचाव पक्षाच्या वकिलाने विश्लेषकाला बोलावण्याचा अर्ज केला नाही ही गोष्ट पुढे अपिलात महागात पडू शकते.

## व्हिसेऱ्याचा प्रवास

विषबाधेचा संशय असेल, तेव्हा शवविच्छेदन करणारा डॉक्टर शरीरातील काही अवयवांचे भाग राखून ठेवतो. पोलीस आणि न्यायालयाच्या बोलीत त्यांना 'व्हिसेरा' म्हणतात. जठर त्यातील अन्नासह, लहान आतड्याचा वरचा सुमारे ३० सेंटिमीटर भाग, यकृताचा मोठा तुकडा आणि दोन्ही मूत्रपिंडांचा प्रत्येकी अर्धा भाग हे सामान्यतः घेतले जातात. दोन्ही मूत्रपिंडांतून भाग घेण्याचे कारण साधे आहे: एखादे निकामी असेल, तर विष दुसऱ्यातून बाहेर पडत असते. जठर व आतडे एका बरणीत, यकृत व मूत्रपिंडे दुसऱ्या बरणीत ठेवतात. ती मिठाच्या संपृक्त द्रावणात बुडवतात. बरणी काठोकाठ न भरता वर काही जागा मोकळी सोडतात, म्हणजे कुजण्यातून निघालेल्या वायूने ती फुटत नाही. रक्त वेगळ्या कुपीत सोडियम फ्लोराइड घालून ठेवतात. ज्या मिठाच्या द्रावणात अवयव ठेवले, त्याचाही नमुना वेगळा पाठवावा लागतो. विष अवयवात होते की द्रावणातच, हा प्रश्न त्यामुळे निकाली निघतो.

बरण्यांवर मोहोर लावली जाते. त्या मोहोरेचा नमुना, सोबतचे पत्र आणि चिठ्ठ्यांवरील क्रमांक यांसह त्या पोलीस शिपायामार्फत प्रयोगशाळेत जातात. मधल्या काळात त्या पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल कक्षात असतात. प्रयोगशाळा बरणी स्वीकारताना 'मोहोर अभंग, पाठवलेल्या नमुन्याशी जुळणारी' अशी नोंद करते. ही नोंद, मुद्देमाल नोंदवहीतील तारखा आणि बरणी नेणाऱ्या शिपायाची साक्ष मिळून एक साखळी तयार होते. त्यातली एक कडी निखळली, तरी प्रयोगशाळेचा निष्कर्ष शास्त्रदृष्ट्या बिनचूकच राहतो. तो या मृताच्या शरीराविषयी आहे याची खात्री मात्र उरत नाही.

हा धोका विषाच्या खटल्यांपुरता नाही. राहुल विरुद्ध दिल्ली राज्य (२०२२) या खटल्यात डीएनए अहवाल आरोपींविरुद्ध होता. कनिष्ठ न्यायालयाने त्यांना फाशीची शिक्षा दिली होती आणि उच्च न्यायालयाने ती कायम केली होती. सर्वोच्च न्यायालयाने पाहिले की, आरोपींचे नमुने फेब्रुवारी २०१२ च्या मध्यावर घेतले गेले आणि २७ फेब्रुवारीला प्रयोगशाळेत पाठवले गेले. मधल्या काळात ते पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल कक्षातच होते. नमुन्यांत हात घातला गेला नाही याची खात्री देता येत नव्हती. शिवाय डीएनए जुळल्याच्या निष्कर्षामागे कोणते तंत्र वापरले आणि ते विश्वासार्हपणे वापरले गेले का, हे खालच्या दोन्ही न्यायालयांनी तपासलेच नव्हते. इतर त्रुटींबरोबर याही कारणाने आरोपींची निर्दोष मुक्तता झाली. या निकालावर तीव्र टीका झाली. त्या टीकेतील संताप समजण्यासारखा आहे. पण नमुन्यांच्या ताब्याविषयीचा आणि अहवालाच्या आधाराविषयीचा आक्षेप त्या संतापाने पुसला जात नाही.

## 'विष आढळले नाही' याचा अर्थ

रासायनिक विश्लेषकाच्या अहवालातील सर्वांत अधिक चुकीचे वाचले जाणारे वाक्य म्हणजे 'नमुन्यात विष आढळले नाही'. त्याचा नेमका अर्थ असा की, प्रयोगशाळेने ज्या गटांतील विषांसाठी चाचण्या केल्या, त्यांपैकी कोणतेही, त्या चाचण्यांना जाणवेल इतक्या प्रमाणात, मिळालेल्या नमुन्यात सापडले नाही. विष दिलेच नव्हते, असे हे वाक्य म्हणत नाही.

विष देऊनही ते न सापडण्याची अनेक कारणे असतात. उलट्या व जुलाबांतून ते बाहेर पडलेले असते. मृत्यू उशिरा आल्यास शरीराने त्याचे रूपांतर करून ते मूत्रावाटे टाकलेले असते. काही वनस्पतिजन्य विषे व औषधे इतक्या अल्प मात्रेत मारक ठरतात की कुजलेल्या अवयवांतून ती वेगळी काढणे अवघड जाते. इन्शुलिनसारखा पदार्थ तर शरीरात स्वाभाविकपणेच असतो. नमुना राखताना चूक झाली, तरीही पुरावा नाहीसा होतो: मद्याचा संशय असताना अवयव स्पिरिटमध्ये ठेवले, तर त्या तपासणीला काही अर्थच उरत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. शरीर कुजताना जंतूंमुळे अल्कोहोल तयार होते. त्यामुळे कित्येक दिवसांनी सापडलेल्या प्रेतात अल्कोहोल मिळाले, एवढ्यावरून मृत व्यक्ती दारू प्यालेली होती असे म्हणता येत नाही. आणि विष निःसंशय सापडले, तरी ते पोटात कसे गेले हे कोणतीही परीक्षानळी सांगत नाही.

## पुण्यातील दोन खटले

वरील दोन्ही बाजू दाखवणारे दोन खटले पुण्याशी निगडित आहेत. दोन्ही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि आजही देशभर उद्धृत होतात. एकात विष सापडले नाही आणि आरोपीची शिक्षा कायम झाली. दुसऱ्यात विष सापडले आणि आरोपी सुटला.

### अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य

आरोपी पुण्यातील डॉक्टर होता. मृत बाई संपन्न घरातील विधवा होत्या. आरोपी त्यांच्याच घरात भाडेकरू होता आणि त्यांच्यावर औषधोपचारही करीत असे. त्यांना मधुमेह होता. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री दोघे रेल्वेने पुण्याहून मुंबईस निघाले. मुंबईतील एका डॉक्टरला प्रकृती दाखवायची होती. १३ तारखेला पहाटे गाडी मुंबईत पोहोचली, तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. आरोपीने त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल केले, मात्र वेगळ्या नावाने. झटके येत असल्याची माहिती दिली, मधुमेहाचा उल्लेख केला नाही. त्याच दिवशी दुपार होण्यापूर्वी त्यांचा मृत्यू झाला.

रुग्णालयाच्या कागदांत मृत्यूचे कारण म्हणून मधुमेहातील बेशुद्धी नोंदवली गेली. प्रेत बेवारस ठरले आणि कालांतराने वैद्यकीय महाविद्यालयात विच्छेदनाच्या शिक्षणासाठी गेले. तेथे गळ्यावर एक खूण दिसल्याने शंका आली, पोलिसांना कळवण्यात आले आणि २३ नोव्हेंबरला, म्हणजे मृत्यूनंतर दहा दिवसांनी, शवविच्छेदन झाले. गळा दाबल्याचे काही निष्पन्न झाले नाही. व्हिसेरा विश्लेषकाकडे गेला. विष आढळले नाही.

दरम्यान आरोपी पुण्यास परतला होता. बाईंच्या मृत्यूची बातमी त्याने आप्तांना दिली नाही. त्यांच्या नावाने बनावट पत्रे फिरू लागली. आपण पुनर्विवाह करून दूर राजस्थानात राहत आहोत, असा त्यांचा आशय होता. दरम्यानच्या काळात त्यांची मालमत्ता आरोपीच्या हाती येत गेली.

सत्र न्यायालयाने खुनाबद्दल फाशी दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयापुढे बचावाचा मुख्य मुद्दा पूर्णपणे वैद्यकीय होता. विषप्रयोगाच्या खटल्यात मृत्यू विषाने झाला, आरोपीजवळ विष होते आणि ते देण्याची संधी त्याला होती, या तीन गोष्टी सिद्ध व्हाव्यात असे त्याच न्यायालयाने पूर्वी म्हटले होते. येथे पहिलीच गोष्ट सिद्ध होत नाही. अहवाल कोरा आहे आणि रुग्णालयाचा कागद नैसर्गिक मृत्यू सांगतो, असा युक्तिवाद होता.

डिसेंबर १९५९ मध्ये न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी बहुमताचा निर्णय दिला. त्यातील विचारक्रम असा होता. प्रथम न्यायालयाने रुग्णालयातील नोंदी बाहेर काढून मधुमेही बेशुद्धीची लक्षणे खरोखर होती का, हे तपासले. प्रमाणपत्रावर 'मधुमेही बेशुद्धी' असे लिहिले होते. पण ते लिहिणाऱ्यांना रुग्णाचे खरे नाव माहीत नव्हते, पूर्वेतिहासही माहीत नव्हता. जो काही थोडा इतिहास त्यांना मिळाला, तो आरोपीकडूनच मिळालेला होता. बहुमताच्या मते लक्षणे त्या निदानाशी जुळत नव्हती. मग कोऱ्या अहवालाचा विचार झाला. दहा दिवसांनी केलेल्या तपासणीत विष न सापडणे हे, आरोपी स्वतः डॉक्टर असताना आणि सहज न सापडणारी विषे अस्तित्वात असताना, नैसर्गिक मृत्यूचा पुरावा ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. वरील तीन गोष्टी प्रत्येक खटल्यात स्वतंत्र पुराव्यानेच सिद्ध व्हायला हव्यात असा नियम नाही. परिस्थितीजन्य पुरावा पुरेसा निर्णायक असेल, तर त्यांचे अनुमान त्यातूनही काढता येते. शेवटी आरोपीचे वर्तन: खोटे नाव, लपवलेला आजार, प्रेत बेवारस सोडणे, मृत व्यक्ती जिवंत असल्याचा देखावा. या सर्वांचा मेळ केवळ खुनाशीच बसतो, असे बहुमताने ठरवले.

न्यायमूर्ती सरकार यांनी मात्र भिन्न मत नोंदवले आणि तेही काळजीपूर्वक वाचण्यासारखे आहे. मृत्यू अनैसर्गिक होता हेच वैद्यकीय पुराव्यावरून सिद्ध होत नाही, असे त्यांना वाटले. मृत्यूनंतरचे वर्तन लोभाचे आणि फसवणुकीचे होते. पण आपोआप घडलेल्या मृत्यूचा लाभ उठवणारा माणूसही असेच वागू शकतो. एकाच अहवालाकडे पाहून दोन विद्वान न्यायाधीश दोन टोकांना गेले, याचे कारण वैद्यकशास्त्राच्या आकलनात फार अंतर होते असे नाही. शास्त्राने रिकामी ठेवलेली जागा वर्तनाने भरता येते का, या प्रश्नावर त्यांचा मतभेद होता.

### शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य

जून १९८२ मध्ये पुण्यात एका नवविवाहितेचा सासरच्या घरी मृत्यू झाला. विवाहाला जेमतेम चार महिने झाले होते. येथे रासायनिक अहवालात संदिग्धता नव्हती: मृत्यू पोटॅशियम सायनाइडने झाला होता आणि हे दोन्ही पक्षांना मान्य होते. सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली.

सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पतीची सुटका केली. न्यायमूर्ती फजल अली यांनी विषप्रयोगाच्या खटल्यात चार गोष्टी पाहाव्यात असे सांगितले: आरोपीला स्पष्ट हेतू होता, मृत्यू दिले गेलेल्या विषानेच झाला, आरोपीजवळ ते विष होते आणि ते देण्याची संधी त्याला होती. अहवालाने यांतील दुसऱ्या गोष्टीचा फक्त अर्धा भाग सिद्ध केला. मृत्यू सायनाइडने झाला हे नक्की. ते कोणी दिले की तिने स्वतः घेतले, हे अहवालाच्या कक्षेबाहेर होते. पतीजवळ सायनाइड असल्याचा पुरावा नव्हता. मृत स्त्रीने माहेरच्या व्यक्तींना आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांतून तिची मानसिक व्यथा दिसत होती, त्यामुळे आत्महत्येची शक्यता वाजवीपणे नाकारता येत नव्हती. एका घरात असणे म्हणजे संधी असणे, पण संधी म्हणजे कृत्य नव्हे.

याच निर्णयात परिस्थितीजन्य पुराव्याची पाच तत्त्वे मांडली गेली. ती 'पंचशील' या नावाने ओळखली जातात. परिस्थिती पूर्णपणे सिद्ध असावी आणि ती आरोपीच्या दोषाखेरीज दुसऱ्या कोणत्याही तर्काशी सुसंगत नसावी, हा त्यांचा गाभा आहे. लागू खटल्यातील न्यायमूर्ती सरकार यांची शंका आणि सारडा खटल्यातील ही कसोटी शेजारी ठेवून वाचल्या, तर त्यांतील नाते लक्षात येते.

## प्रत्यक्षदर्शी आणि डॉक्टर यांच्यात विसंगती असल्यास

दुसरा नेहमीचा प्रसंग असा. साक्षीदार म्हणतो, आरोपीने कुऱ्हाडीने वार केला. डॉक्टरला मात्र कापलेली जखम न सापडता बोथट आघाताची, कडा फाटलेली जखम सापडते. फिर्यादी पक्ष युक्तिवाद करतो की, कुऱ्हाडीची मागची बाजू लागली असावी. हल्लू विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९७४) या निर्णयात न्यायालयाने हा पळवाटीचा मार्ग अडवला. साक्षीदार कुऱ्हाड म्हणतो, तेव्हा सामान्यतः धारेची बाजू असाच अर्थ घ्यायचा. बोथट बाजू वापरली असे म्हणायचे असेल, तर ते साक्षीदाराकडूनच स्पष्ट करून घेण्याची जबाबदारी फिर्यादी पक्षाची आहे. युक्तिवादाच्या वेळी वकिलाने ती भर घालून चालत नाही.

याचा अर्थ डॉक्टर नेहमी साक्षीदारावर मात करतो असा नाही. अब्दुल सईद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (२०१०) मध्ये नियम पुन्हा सांगितला गेला: विश्वासार्ह प्रत्यक्षदर्शीची साक्ष वैद्यकीय मतापेक्षा वरचढ ठरते. वैद्यकीय पुरावा जर इतका ठाम असेल की साक्षीदार सांगतो तशी घटना घडणे सर्वथा अशक्य ठरते, तरच साक्षीवर अविश्वास दाखवता येतो. 'असे घडण्याची शक्यता कमी आहे' एवढे डॉक्टरचे वाक्य त्यासाठी पुरत नाही.

म्हणूनच डॉक्टरच्या साक्षीतील क्रियापदे नीट वाचावी लागतात. 'ही जखम या हत्याराने होऊ शकते' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक खटल्यात असते आणि त्यात फारच थोडे असते. तसलीच जखम इतर कितीतरी वस्तूंनीही होऊ शकते. तरीही ते वाक्य मिळवण्यासाठी हत्यार डॉक्टरला प्रत्यक्ष दाखवायला हवे. ईश्वर सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य (१९७६) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे फिर्यादी पक्षाचे कर्तव्य असल्याचे सांगितले. जप्त हत्यार न दाखवताच मत घेतले असेल, तर ते मत त्या विशिष्ट हत्याराविषयी नसतेच.

मृत्यूच्या वेळेविषयीचे मत हे आणखी एक नाजूक स्थान. शरीराचा ताठरपणा, थंडावणे, खाली साकळलेले रक्त, जठरातील अन्न यांवरून डॉक्टर काही तासांचा पट्टा सांगतो. आपल्याकडील उन्हाळ्यात ताठरपणा झपाट्याने येतो व जातो, थंडावणे मात्र रेंगाळते; थंडीत याच्या उलट घडते. पचनाचा वेग तर भय, आजार आणि आहार यांनुसार बदलतो. 'सहा ते बारा तासांपूर्वी' असे मत असताना साक्षीदाराने सांगितलेली वेळ त्याच्या तासभर बाहेर पडली, एवढ्यावरून साक्ष खोटी ठरवणे हे मताचा गैरवापर करणे होय. मात्र साक्षीदार रात्री जेवणापूर्वीची घटना सांगत असेल आणि जठरात न पचलेले पूर्ण जेवण सापडले असेल, तर ती विसंगती सहजासहजी झटकता येत नाही.

## हस्ताक्षरतज्ज्ञाचे मत

हस्ताक्षराच्या तुलनेचे शास्त्र बोटांच्या ठशांइतके परिपक्व मानले जात नाही. त्यामुळे दुजोरा नसल्यास हे मत कधीच स्वीकारू नये, असा समज दीर्घकाळ रूढ होता. मुरारीलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९८०) या निर्णयाने तो दुरुस्त केला. दुजोरा हवाच असा कायदेशीर नियम नाही. सावधगिरी हवी, आणि ती किती हवी हे तज्ज्ञाने दिलेल्या कारणांच्या ताकदीवर ठरते. अक्षरांची ठेवण, लेखणीचा दाब, जोडणीतील उचल, सवयीच्या चुका असे मुद्दे नमुन्यांवर बोट ठेवून दाखवता आले, तर न्यायाधीश ते स्वतः पाहू शकतो. आवश्यक तेथे न्यायालयाने स्वतः तुलना करावी, असेही या निर्णयात म्हटले आहे.

## २०२३ नंतरचे बदल

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये नवी तरतूद आली. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा आणि त्या प्रक्रियेचे चित्रीकरण व्हावे, असे ती सांगते. ही तरतूद लागू करण्यास राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. नमुन्याच्या साखळीतील पहिली कडी यामुळे बळकट होईल अशी अपेक्षा आहे.

कलम ३३० मधील बदल मात्र दुसऱ्या दिशेचा आहे. तज्ज्ञाच्या अहवालावर कोणत्याही पक्षाने वाद उपस्थित केल्याखेरीज त्याला न्यायालयात बोलावू नये, असे त्यात म्हटले आहे. यामुळे डॉक्टर आणि वैज्ञानिक यांचा वेळ वाचतो, हे खरे. पण अहवालावर वाद घालायचा की नाही हे ठरवण्यासाठी तो समजणारा वकील लागतो, आणि सत्र न्यायालयातील अनेक आरोपींचा बचाव विधी सेवा प्राधिकरणाने नेमलेला, हाताशी स्वतःचा कोणताही तज्ज्ञ नसलेला वकील करीत असतो.